साबण संपेल त्या दिवसासाठी कार्ड: हाताने बनवलेल्या वस्तूंचं पार्सल आणि थँक यू कार्ड कसं आखावं

माझ्या पहिल्या थँक यू कार्डावर एक ओळ होती: 'पुढच्या ऑर्डरवर १० टक्के सूट, मुदत १५ दिवस.' शंभर कार्डं छापली, प्रत्येक पार्सलमध्ये एकेक घातलं आणि वाट पाहत बसले. कोड जवळपास कुणीच वापरला नाही. दोनेक महिन्यांनी एका ताईंचा मेसेज आला, 'आज साबण संपला, कोड टाकला तर मुदत संपली म्हणतोय.' तेव्हा चूक कुठे झाली ते कळलं. दोन वड्या घेतलेल्या माणसाला १५ दिवसांत तिसरी वडी लागतच नाही. कार्ड मी पार्सल उघडण्याच्या दिवसाचा विचार करून लिहिलं होतं, आणि ग्राहक परत येतो तो साबण संपतो त्या दिवशी.

या दोन दिवसांमध्ये साधारण आठ आठवडे जातात. पार्सल कसं दिसावं, कार्डावर काय लिहावं, ते कुठे ठेवावं, हे सगळं त्या आठ आठवड्यांवरून ठरवायला हवं. खाली दोन वड्यांच्या एका ऑर्डरचं उदाहरण घेऊन मी सगळं क्रमाने सांगते. तुम्ही मेणबत्त्या, लिप बाम किंवा तेल करत असाल तरी क्रम हाच राहील, आकडे तुमचे घाला. कानातली, पिशव्या, विणलेल्या वस्तू अशा न संपणाऱ्या गोष्टींचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे माणूस परत येतो ते कुणाला तरी भेट द्यायची असते तेव्हा, म्हणून कार्डावर वस्तूची निगा आणि दुकानाचं नाव या दोन गोष्टींना जास्त जागा द्या.

आधी वस्तू किती दिवस पुरते ते मोजा

हे अंदाजाने ठरवू नका. स्वतःच्या आंघोळीसाठी एक वडी काढा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि दर रविवारी पुन्हा वजन करून लिहून ठेवा. १०० ग्रॅमची वडी एकटा माणूस रोज वापरत असेल आणि ती कोरडी राहत असेल, तर साधारण चार आठवडे जाते. तीच वडी पाणी साचणाऱ्या साबणदाणीत ठेवली तर त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडून विरघळते. हे दोन्ही प्रकार एकदा शेजारी शेजारी करून बघा. हाताने केलेल्या साबणात ग्लिसरीन राहतं, ते हवेतली ओल ओढतं, त्यामुळे हा फरक बाजारातल्या साबणापेक्षा जास्त जाणवतो.

या मोजणीतून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली म्हणजे कोडची मुदत. दोन वड्या आठ आठवडे पुरत असतील तर मुदत निदान चार महिन्यांची ठेवा, म्हणजे सावकाश वापरणाऱ्यालाही ती लागू पडेल. दुसरी म्हणजे निगेची ओळ. 'साबण लवकर विरघळला' ही तक्रार ज्या घरातून येते, तिथून दुसरी ऑर्डर सहसा येत नाही. ती तक्रार होऊच नये म्हणून कार्डावर तीन ओळी खर्च करणं मला सुटीच्या कोडपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

एक निरोप उघडण्याच्या दिवशी, दुसरा वडी बदलण्याच्या दिवशी

कार्ड कितीही सुंदर असलं तरी आठ आठवडे कुणी जपून ठेवेल असं धरून चालू नका. काही जण फ्रिजवर लावतात, काही ड्रॉवरमध्ये टाकतात, बरेच जण पुठ्ठ्याबरोबर रद्दीत देतात. म्हणून पुन्हा मागवण्याचा निरोप मी कार्डावरून काढला आणि वडीभोवतीच्या कागदी पट्टीवर नेला. घरात शेवटपर्यंत राहते ती न उघडलेली वडीच. ती हातात घ्यायची वेळ येते तेव्हाच माणसाच्या मनात येतं, 'अरे, ही शेवटची.' नेमक्या त्या क्षणी निरोप समोर असला पाहिजे.

पट्टीची मापं सांगते. वडी ८ सेंमी लांब, ५.५ रुंद आणि २.५ जाड आहे. तिच्या कमरेभोवतीचा घेर झाला १६ सेंमी. पट्टी १९ सेंमी लांब आणि ५ सेंमी रुंद कापली की ३ सेंमी एकावर एक येते. वरच्या पदराखाली झाकल्या जाणाऱ्या त्या ३ सेंमी भागावर ही ओळ छापायची:

'ही तुमच्याकडची शेवटची वडी असेल, तर आजच मागवा. ही संपायच्या आत नवी पोहोचेल.'

ओळीखाली दुकानाचा छोटा पत्ता आणि साबणाचं नाव. नंतर वरचा पदर त्यावर टेकवून गोल स्टिकरने बंद करायचा. स्टिकर सोलून पदर उचलला की ओळ आपोआप डोळ्यांसमोर येते. दोन्ही वड्यांना हीच पट्टी चालते, कारण वाक्य 'शेवटची असेल तर' असं आहे. पहिली वडी उघडताना ते वाचून काही बिघडत नाही, आणि दुसऱ्या वेळी ते लागू पडतं.

सुरुवातीला मी हा मजकूर पट्टीच्या आतल्या बाजूला छापला होता आणि पट्टी डिंकाने चिकटवली होती. मैत्रिणीला उघडायला दिलं तर तिने पट्टी बांगडीसारखी सरकवून काढली आणि न बघताच बाजूला ठेवली. आतलं काही तिला दिसलंच नाही. म्हणून पट्टी अशी बसवा की ती सरकणार नाही, सोलावीच लागेल. त्यासाठी साबण पूर्ण वाळलेला हवा. चार ते सहा आठवडे वाळताना वडीतलं पाणी उडतं आणि ती थोडी आक्रसते. अर्धवट वाळलेल्या वडीला घातलेली घट्ट पट्टी पुढे ढिली पडते. मी वाळवण पूर्ण झाल्यावरच पट्ट्या घालते.

कार्डावर काय लिहायचं

पुन्हा मागवण्याचं काम पट्टीने उचललं, की कार्डाचा भार हलका होतो. आता कार्डाने तीनच कामं करायची: हे एका माणसाने आपल्यासाठी बांधलं आहे हे दाखवायचं, साबण कसा ठेवायचा ते सांगायचं, आणि काही बिघडलं असेल तर कुणाला कळवायचं ते सांगायचं. सोशल मीडियाची चार चिन्हं, सुटीचा कोड, रिव्ह्यूची विनंती, मित्राला सांगा, फोटो टाकून टॅग करा, हे सगळं एकाच कार्डावर आलं की माणूस त्यातलं एकही करत नाही. एक विनंती ठेवा. माझ्या कार्डावर ती आहे: 'काही बिघडलं असेल तर आधी मला सांगा.'

पुढच्या बाजूला वरती दुकानाचं नाव, खाली रिकामी जागा. त्या जागेत हाताने एकच ओळ लिहायची, पण ती त्या ऑर्डरबद्दल खरी असली पाहिजे. 'आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत' हे छापलं काय आणि लिहिलं काय, वाचणाऱ्याला सारखंच. त्याऐवजी मी असं लिहिते: 'लॅव्हेंडरची ही वडी ३ तारखेला कापली आणि पाच आठवडे वाळवली. वरची नक्षी दर वडीला वेगळी येते, तुमच्या वाट्याला ही आली.' यात ग्राहकाचं कौतुक कुठेच नाही, पण आपली वडी कुणीतरी हातात धरली होती, तिची तारीख कुणाला तरी माहीत होती, हे त्याला कळतं. दुसऱ्यांदा मागवणाऱ्याला ओळ बदलते: 'मागच्या वेळी पुदिना घेतला होता, यंदा लॅव्हेंडर. दोन्हींत कोणता आवडला ते जरूर कळवा.' त्यासाठी ऑर्डरच्या वहीत मागचं नाव बघावं लागतं, त्याला अर्धा मिनिट जातो. आणि ग्राहकाचं नाव त्याने ऑर्डरमध्ये जसं लिहिलंय तसंच लिहा. नावाची वेलांटी चुकली तर बाकीची ओळ वाया गेली असं समजा.

मागच्या बाजूचा छापील मजकूर मी असा ठेवला आहे:

'साबण जास्त दिवस पुरावा म्हणून: १. खाली भोकं असलेल्या जाळीच्या साबणदाणीत ठेवा. २. शॉवरच्या धारेखाली ठेवू नका. ३. दुसरी वडी लागेपर्यंत कागदातच, कोरड्या कपाटात ठेवा. प्लास्टिकच्या बंद डब्यात नको.

वडी तुटलेली निघाली किंवा काही खटकलं तर आधी मला फोटो पाठवा. मी स्वतः उत्तर देते.

बॅच: ____ कापल्याची तारीख: ____'

बॅचची जागा पेनाने भरायची. हे केवळ दिखाव्यासाठी नाही. कुणी तक्रार केली की बॅच नंबरवरून मला त्या दिवशीचं मिश्रण वहीत सापडतं, आणि त्याच बॅचच्या बाकी ग्राहकांना आपण होऊन कळवता येतं. घटक पदार्थांची यादी मात्र कार्डावर टाकू नका, ती पट्टीवरच हवी. कार्ड हरवतं, पट्टी साबणाबरोबर राहते.

रिव्ह्यूची विनंती करायचीच असेल तर 'कसा वाटला ते लिहा' इतकंच म्हणा. '५ स्टार द्या आणि सूट मिळवा' असं छापलं, तर ऑनलाइन बाजारपेठांच्या नियमांत ते अनेकदा बसत नाही आणि दुकानाचं खातं अडचणीत येऊ शकतं. काही बाजारपेठांना तिथल्या ग्राहकाला तुमच्या स्वतःच्या साइटवर बोलावणारं कार्डही चालत नाही. ज्या ठिकाणी विकता तिथले पार्सलमधल्या कागदांबद्दलचे नियम छपाईआधी वाचा. गरज पडली तर दोन प्रकारची कार्डं ठेवा.

छपाई: जिथे पैसे वाया जातात

मी ए६ आकार वापरते, म्हणजे १०५ बाय १४८ मिमी. ए४ च्या एका कागदात बरोबर चार बसतात. जाडी २५० ते ३०० जीएसएम. त्याहून पातळ कागद हातात पत्रकासारखा लागतो, आणि पत्रक आपण न वाचता टाकतो. चकचकीत लॅमिनेशन करू नका. त्यावर जेल पेनची शाई लवकर वाळत नाही, बोट लागलं की फरकाटा उठतो. न लेपलेला, किंचित खडबडीत कागद घ्या आणि लिहायला बॉलपेन वापरा.

इंकजेट प्रिंटरची बरीचशी शाई ओलीला पसरते. साबणाच्या पार्सलमध्ये थोडी ओल असतेच, त्यामुळे मी लेझर छपाई करून घेते. खात्री करायची असेल तर छापलेल्या नमुन्यावर ओलं बोट दहा सेकंद दाबून ठेवा आणि मग घासा. रंग बोटाला आला तर ती छपाई साबणाच्या कामाची नाही.

डिझाइनची फाइल करताना मागचा रंग किंवा नक्षी कडेपर्यंत जात असेल, तर चारही बाजूंना ३ मिमी जास्तीची ठेवा, कारण कापताना पातं थोडं इकडे तिकडे जातं. मजकूर कडेपासून निदान ५ मिमी आत असू द्या. देवनागरी अक्षर इंग्रजीपेक्षा थोडं मोठं ठेवावं लागतं. वर वेलांट्या, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं, हे सगळं लहान आकारात एकमेकांत मिसळतं. १० पॉइंटच्या खाली जाऊ नका, आणि ओळींमधलं अंतर सैल ठेवा. फाइल छापखान्यात द्यायच्या आधी घरच्या साध्या प्रिंटरवर खऱ्या आकारात एक प्रत काढा. स्क्रीनवर मोठं करून पाहिलेलं अक्षर हातातल्या कार्डावर किती बारीक होतं ते तिथेच कळतं.

पहिल्या खेपेला १०० च कार्डं घ्या. हजार घेतली तर एक नग स्वस्त पडतो खरं, पण फोन नंबर बदलला किंवा मजकुरात चूक सापडली की उरलेली नऊशे रद्दीत जातात. जे बदलू शकतं, म्हणजे कोड, मुदत, बॅच, ते छापूच नका. रबरी शिक्का किंवा पेन त्यासाठी पुरतं.

क्यूआर कोड छापणार असाल तर

पट्टीवर किंवा कार्डावर क्यूआर कोड असला की पत्ता टाइप करावा लागत नाही. तो निदान २ सेंमी बाय २ सेंमी हवा, पांढऱ्या किंवा फिक्या कागदावर गडद रंगात, आणि चारही बाजूंना रिकामी जागा हवी. ही रिकामी जागा कोडमधल्या एका बारीक चौकोनाच्या चौपट रुंद असावी लागते. नक्षी अगदी कोडला चिकटवली तर काही फोन तो ओळखत नाहीत. लिंक जितकी लांब तितके कोडमधले चौकोन बारीक होतात, म्हणून लिंक आखूड ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोड कुठे नेतो. दुकानाच्या मुख्य पानावर नेऊ नका, त्याच साबणाच्या पानावर न्या. आठ आठवड्यांनी माणसाला आपण नेमकं काय मागवलं होतं हे आठवत नाही, 'तो जांभळा होता' एवढंच आठवतं. आणि कोड बनवून देणाऱ्या फुकट सेवांपासून जपा. त्यातल्या काहींचे कोड आधी त्यांच्या पत्त्यावर जाऊन मग तुमच्या पानावर जातात. तुमचं खातं बंद पडलं की लोकांच्या घरातले छापील कोडही बंद. कोडमध्ये थेट तुमचाच पत्ता आहे ना, हे फोनने स्कॅन करून, पान उघडायच्या आधी दिसणारी लिंक वाचून तपासा. स्कॅन न करणाऱ्यांसाठी तोच पत्ता खाली अक्षरांतही लिहा.

सुटीचा कोड हवा असेल तर तो सहज टाइप करता येईल असा ठेवा. `PARAT25` चालेल. शून्य आणि ओ, एक आणि आय यांचा घोळ होईल असा कोड नको.

खोका: उघडण्याच्या उलट क्रमाने भरा

पार्सल भरायला घेण्याआधी ते उघडलं कसं जाईल ते वरून खाली लिहून काढा: टेप, झाकण, कार्ड, टिश्यू, दोन वड्या, नमुना. मग याच्या उलट क्रमाने भरा.

दोन वड्या आडव्या, शेजारी शेजारी ठेवल्या तर ११ बाय ८ बाय २.५ सेंमी जागा लागते. मी आतून १६ बाय १२ बाय ६ सेंमीचा पुठ्ठ्याचा खोका घेते. लांबीत दोन्ही बाजूंना अडीच, रुंदीत दोन दोन सेंमी जागा भरणीसाठी उरते, आणि ए६ कार्ड न दुमडता आडवं बसतं. मोठा खोका रुबाबदार दिसतो म्हणून घेण्याचा मोह टाळा. बरेच कुरिअर नुसतं काट्यावरचं वजन बघत नाहीत, लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि दोन्हींत जे जास्त असेल ते धरतात. माझा खोका बाहेरून १७ बाय १३ बाय ७ आहे, म्हणजे १५४७ भागिले ५०००, साधारण ०.३१ किलो. खरं वजनही तेवढंच भरतं. तोच माल २५ बाय २० बाय १२ च्या खोक्यात घातला तर हिशेब १.२ किलोचा होतो. आत तेवढेच दोन साबण, आणि वर जास्तीची भरण.

प्रत्येक वडी आधी बटर पेपरमध्ये गुंडाळायची आणि त्यावर पट्टी. बटर पेपर दोन कामं करतो. साबणातली तेलं कागदात उतरतात, ती तो थोपवतो, नाहीतर आठवड्याभरात कार्डावर पारदर्शक डाग दिसू लागतात. शिवाय दोन वेगळे सुगंध एकमेकांत मिसळू देत नाही. पुदिन्याशेजारी उघडी ठेवलेली लॅव्हेंडरची वडी चार दिवसांत पुदिन्याचा वास देऊ लागते. प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत मात्र वडी बंद करू नका, आत ओल धरते आणि वडीला घाम सुटतो.

दोन्ही वड्या एकत्र करून टिश्यू पेपरच्या ३० सेंमी चौकोनात गुंडाळायच्या. टिश्यू पांढराच घ्या. गडद रंगाचा टिश्यू ओल लागली की रंग सोडतो, आणि तो रंग फिक्या पट्टीवर उतरतो. घडी वरच्या बाजूला येऊ द्या आणि तिथे एक गोल स्टिकर. स्टिकर लावताना त्याची एक कड दोन मिलिमीटर आत दुमडून ठेवा. त्या दुमडलेल्या कडेला नखाने धरता येतं आणि टिश्यू न फाटता स्टिकर निघतो. हे अगदी लहानसं काम आहे, पण उघडणाऱ्याच्या हाताला ते लगेच जाणवतं.

खोक्याच्या तळाशी दीड सेंमी कागदाची भरण, त्यावर गुंडाळलेल्या वड्या, बाजूंना पुन्हा भरण. बारीक कापलेले कागदी धागे, चमकी, कागदी टिकल्या नकोत. धागे वडीला चिकटतात आणि चमकी आठवडाभर फरशीवरून गोळा करावी लागते. तपकिरी कागदाचे चुरगळलेले बोळे पुरतात. बाजूच्या अडीच सेंमी जागेत नमुना ठेवायचा. साबणाचा मोठा ठोकळा कापताना दोन्ही टोकांचे वेडेवाकडे तुकडे उरतात. त्यातून साधारण १५ ग्रॅमचा, एक सेंमी जाडीचा तुकडा काढून बटर पेपरमध्ये गुंडाळा आणि त्यावर साबणाचं नाव व घटक लिहा. नमुना ग्राहकाने न घेतलेल्या सुगंधाचा हवा. माझ्या अनुभवात सूट देऊन जेवढं साधतं त्याहून जास्त या तुकड्याने साधतं, कारण पुढच्या वेळी काय मागवायचं हे त्यातूनच ठरतं. फक्त तीव्र वासाचा नमुना सौम्य साबणाच्या पार्सलमध्ये घालू नका.

सगळ्यात वर, टिश्यूवर, कार्ड. हाताने लिहिलेली बाजू वर. मी एकदा कार्ड झाकणाच्या आतल्या बाजूला टेपने लावून पाहिलं होतं. झाकण उघडताना ते सुटून पालथं पडलं आणि उघडणाऱ्याने आधी निगेच्या सूचना वाचल्या. तेव्हापासून कार्ड नुसतं वर ठेवते.

शेवटी टेप. झाकणावर एकच पट्टी लावा आणि तिचं एक टोक एक सेंमी स्वतःवरच दुमडा, म्हणजे पकडायला शेपूट राहते आणि सुरी लागत नाही. चारही बाजूंनी टेप गुंडाळलेलं पार्सल सुरीने उघडतात, आणि सुरी बऱ्याचदा कार्डावरून किंवा टिश्यूवरून फिरते. लांबच्या प्रवासात एक पट्टी कमी वाटत असेल तर रुंद टेप घ्या आणि दुमड राखा.

भेट म्हणून मागवलेली ऑर्डर

पाठवायचा पत्ता आणि पैसे देणाऱ्याचं नाव वेगळं असेल तर एकदा विचारून घ्या. भेट असेल तर बिल खोक्यात घालू नका, ईमेलने पाठवा. हाताने लिहायची ओळ भेट पाठवणाऱ्याच्या नावाने येऊ द्या, त्याने सांगितलेल्या शब्दांत. तुमचं आभाराचं कार्ड मागवणाऱ्यासाठी असतं, ते उघडणाऱ्याला परकं वाटेल. निगेच्या ओळी मात्र उघडणाऱ्यालाच हव्यात, म्हणून मी त्याच मजकुराचं लहान कार्ड वेगळं छापून घेतलं आहे. पट्टीवरची 'शेवटची वडी' ची ओळ दोघांनाही चालते, आणि भेट मिळालेला माणूस पुढे स्वतः मागवतो तो बहुतेक तिथूनच.

पाठवण्याआधी तपासा

भरलेला खोका कानाशी धरून हलवा. आत ठक् ठक् ऐकू आलं तर भरण कमी आहे. मग एक खोका बळी द्या. साधारण ७५ सेंमी उंचीवरून, म्हणजे जेवणाच्या टेबलाइतक्या उंचीवरून, कडक फरशीवर दहा वेळा टाका: एकदा कोपऱ्यावर, तिथे मिळणाऱ्या तिन्ही कडांवर एकेकदा, आणि सहाही बाजूंवर एकेकदा. हलक्या पार्सलच्या चाचणीत हाच क्रम वापरतात. उघडून बघा. वडीचे कोपरे दबले असतील तर बाजूची भरण वाढवा. कार्ड टिश्यूखाली सरकलं असेल तर वरची मोकळी जागा जास्त आहे.

दुसरी चाचणी माणसाची. ज्याने तुमचं पार्सल कधी पाहिलेलं नाही त्याला ते द्या, काही सांगू नका, आणि फक्त हातांचा व्हिडिओ घ्या. टेपचं टोक शोधायला नख कुठे कुठे जातं, कार्ड वाचलं जातं की बाजूला ठेवलं जातं, पट्टी सोलली की सरकवली, हे बघा. माझ्या पट्टीची चूक अशाच व्हिडिओत सापडली. असे तीन जण पुरतात.

वेळही मोजा. कार्ड लिहून, गुंडाळून, टेप लावेपर्यंत एका पार्सलला मला सात मिनिटं लागतात, पण पट्ट्या, टिश्यूचे चौकोन आणि नमुने आदल्या दिवशी तयार असतात म्हणून. सणासुदीच्या गर्दीत एका दिवशी तीस पार्सलं आली तरी निभेल एवढंच काम ठरवा. गर्दीत कार्डावरची हाताची ओळ गाळली गेली तर नेहमीच्या ग्राहकाला ती गैरहजेरी लगेच दिसते.

लोक परत आले का, हे कसं कळेल

एक साधा तक्ता ठेवा: ऑर्डरची तारीख, कार्ड कोणत्या छपाईचं, किती वड्या, नमुना कोणता दिला, आणि दुसरी ऑर्डर आली तर तिची तारीख. दर छपाईला कोड बदला, म्हणजे ऑर्डर कोणत्या कार्डावरून आली ते कळतं. पट्टीवरच्या क्यूआर कोडला दुकानाच्या पानाचा वेगळा पत्ता दिला तर पट्टीचं आणि कार्डाचं श्रेय वेगळं मोजता येतं.

निदान १२० दिवस थांबा. त्याआधी काढलेला निष्कर्ष साबण संपायच्या आधीच काढलेला असतो. समजा जुन्या कार्डाच्या ४० ऑर्डरींतून ६ जण परत आले आणि नव्याच्या ४० मधून ८. याला सुधारणा म्हणू नका, दोन माणसांचा फरक योगायोगानेही पडतो. ६ चे १५ झाले तर मात्र काहीतरी बदललं आहे. आकड्यापेक्षा मी तारखांकडे जास्त बघते. दुसऱ्या ऑर्डरी पाचव्या ते नवव्या आठवड्यात येऊ लागल्या तर पट्टी वाचली जाते आहे. त्या विखुरलेल्या असतील, काही दुसऱ्या आठवड्यात आणि काही सहाव्या महिन्यात, तर लोक पट्टी न बघताच, आपापल्या आठवणीने येत आहेत. मग पुढच्या छपाईत बदलायची असते ती पट्टीच: अक्षर मोठं करून, किंवा ओळ स्टिकरच्या आणखी जवळ आणून.